राक्षसाचं नाव गटगटासुर का असावं

शाळेच्या स्नेहसंमेलनात बसण्याची व्यवस्था उंचीप्रमाणे होते. बालवाडी आणि पहिली-दुसरी पुढे सतरंजीवर, मोठे वर्ग त्यांच्या मागे, आईबाप पार शेवटी खुर्च्यांवर. त्यामुळे नाटकातला राक्षस विंगेतून बाहेर येतो तेव्हा त्याच्या सगळ्यात जवळ बसलेली असतात ती चार ते सात वर्षांची मुलं, म्हणजे त्याला सगळ्यात जास्त घाबरणारी. त्यांना उठून आईकडे जाताही येत नाही, कारण मध्ये दोनशे मुलं मांडी घालून बसलेली असतात. एक मूल रडायला लागलं की शेजारचं, कशासाठी ते न कळताच, त्याला साथ देतं. मग बाई वाकून वाकून पुढे येतात, दोघा-तिघांना उचलून नेतात आणि तोपर्यंत रंगमंचावरचे संवाद कुणाच्याच कानावर पडलेले नसतात.

अशा प्रेक्षकांपुढच्या नाटकात खलनायकाचं नाव भीतीदायक ठेवू नये, हसू येईल असंच ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. आणि ते संहिता लिहून झाल्यावर वरून चिकटवू नये. नाव आधी ठरवावं आणि त्यातून पात्राची चाल, आवाज, प्रवेश आणि पराभवसुद्धा काढावा.

यावर शिक्षकांच्या खोलीत एक आक्षेप हमखास येतो. राक्षस राक्षसासारखा नको का? आपल्या आज्यांनी माणसं खाणारे राक्षस सांगितले, आपण घाबरलो, काही बिघडलं का? आक्षेपात तथ्य आहे. पण आजी गोष्ट सांगताना नातवाच्या चेहऱ्याकडे बघत असते. डोळे जास्तच मोठे झाले की ती आवाज खाली आणते, राक्षसाला शिंक देते, नाहीतर 'उरलेली उद्या' म्हणते. रंगमंचावरच्या सहावीतल्या मुलाला हे जमणार नाही. त्याला पाठ केलेले संवाद म्हणायचे आहेत, आणि समोरच्या दिव्यांमुळे त्याला प्रेक्षक दिसतही नाहीत. भीतीचं प्रमाण तिथे प्रयोग चालू असताना बदलता येत नाही, ते आधीच ठरवून ठेवावं लागतं. नाव हा ते ठरवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, कारण त्याला ना कापड लागतं ना रंग.

मराठी बालरंगभूमीला हे नवं नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, पुढे नव्या संचात वैभव मांगले यांनी केली. तिचं नाव चिंची. 'चेटकीण' ऐकून अंगावर येणारा काटा 'चिंची' ऐकताच अर्धा खाली बसतो. मतकरींच्याच दुसऱ्या एका नाटकातला राक्षस निम्मा शिम्मा आहे. दोन्ही नावं ऐकल्यावर पात्र दुष्ट आहे हे कळतं, आणि त्याला हसायची परवानगीही मिळते.

या दोन गोष्टी एकाच नावात कशा आणायच्या ते पाहण्यासाठी एक साधं कथानक घेऊ. वीस मिनिटांचं नाटक. गावाचा हौद एक राक्षस रोज पिऊन टाकतो, गावाला पाणी उरत नाही, एक मुलगी त्यावर उपाय शोधते. या राक्षसाला नाव काय द्यायचं?

पहिल्या बैठकीत साधारण अशी नावं येतात: जलासुर, विहिरीतला काळ्या, ढेरपोट्या, पाणीचोर.

जलासुर हे नाव नसून विषय आहे. प्लास्टिकासुर, प्रदूषणासुर, व्यसनासुर ही त्याचीच भावंडं. शाळांना ती आवडतात, कारण फलकावर लिहिली की संदेश पोचल्यासारखा वाटतो. पण पाच वर्षांच्या मुलाला त्यातून पात्र काय करतं ते कळत नाही. प्लास्टिकासुर चालतो कसा, बोलतो कसा, चिडला की काय करतो? नावात काहीच नाही, म्हणून ते काम करणाऱ्या मुलालाही काही सुचत नाही. मग तो कमरेवर हात ठेवून 'हाऽहाऽहाऽ' करतो.

विहिरीतला काळ्या हे नाव दोन कारणांनी बाद. एक तर रंग. वर्गातल्या सावळ्या मुलाला दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते ऐकावं लागणार, यात शंका नको. दुसरं कारण सहज लक्षात येत नाही. ज्या नावात जागा किंवा वेळ असते ते नाव मुलाबरोबर घरी जातं. विहिरीतला, जिन्याखालचा, अंधाऱ्या, रात्र्या. हौदाचा राक्षस पडदा पडला की संपतो, पण जिन्याखालचा संपत नाही, कारण जिना घरी आहे. बागुलबुवालाही याच कारणासाठी नाटकात घेऊ नये. जेवत नाही म्हणून घरोघरी त्याचा धाक आधीच घातलेला असतो, आणि आपल्या नाटकाने त्या धाकाला फक्त चेहरा मिळतो.

ढेरपोट्या सगळ्यांना आवडतं आणि तेच धोक्याचं आहे. पाणी पिऊन पोट फुगलेला राक्षस, पोटाला उशी बांधली की झालं. पण गोलमटोल मुलं प्रत्येक वर्गात असतात, आणि नाटकातलं नाव शाळेत वर्षभर चालतं. टकल्या, बुटक्या, चकण्या, लंगड्या, तोतऱ्या ही सगळी नावं हशा नक्की मिळवतात. फरक एवढाच की तो हशा राक्षसाच्या करणीवर नसतो, कुणाच्या तरी शरीरावर असतो. माझा नियम सोपा आहे. नावातली गंमत पात्र जे करतं त्यातून यावी, ते जसं दिसतं त्यातून येऊ नये. जे केलं ते सोडून देता येतं, दिसणं सोडता येत नाही.

पाणीचोर स्वच्छ नाव आहे, पण कोरडं आहे. तोंडात घोळत नाही.

आता राक्षस करतो काय ते बघू. तो पाणी पितो. कसं पितो? गटागटा. गटगट अधिक असुर, गटगटासुर. शेपटाकडचा 'आसुर' मुलांच्या ओळखीचा आहे. बकासुर, महिषासुर गोष्टींतून त्यांना भेटलेले असतात, त्यामुळे हा दुष्ट आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. डोक्याकडचा 'गटगट' म्हणजे दूध पिताना आई म्हणते तो शब्द. शिवाय नावातच कृती आहे आणि आवाज आहे. ते काम करणाऱ्या मुलाला लगेच सुचतं की याच्या हातात लोटा हवा, याने बोलता बोलता मध्येच घोट घ्यायला हवा.

उच्चाराकडे मात्र कान देऊन बघायला हवं. हे नाव चार टाळ्यांत बसतं: गट्, ग, टा, सुर. लहान मुलांनी एका सुरात ओरडायचं नाव तीन-चार टाळ्यांपेक्षा लांब असू नये, नाहीतर अर्धी मुलं पुढे जातात, अर्धी मागे राहतात आणि नुसता कल्ला ऐकू येतो. क्ष, ज्ञ, त्स अशी जोडाक्षरं टाळावीत, कारण पत्र्याच्या छपराच्या किंवा बंदिस्त सभागृहात घुमणाऱ्या आवाजात ती पुसली जातात. र आणि ळ चार-पाच वर्षांच्या बऱ्याच मुलांना नीट जमत नाहीत. 'गटगटासुल' झालं तर बिघडत नाही, कारण नावाचा कणा 'गटगट' आहे. पण 'खळखळासुर' घेतलं तर कणाच मोडतो. खोडीपासून संधी केली तर 'खोड्यसुर' होतं, व्याकरणात बरोबर आणि तोंडात दगड.

राक्षसाचे दोन हस्तक असतील तर त्यांची नावं वेगळ्या अक्षराने सुरू व्हावीत. टिपूस आणि डबकू चालतील. गटगट्या, गुडगुड्या आणि गुळगुळ्या असं त्रिकूट कागदावर छान दिसतं, पण कोणता कोण हे मागच्या रांगेतल्या पालकांनाही शेवटपर्यंत कळत नाही.

नाव पक्कं करण्याआधी तीन ठिकाणी तपासावं. हजेरीपटात, कारण शाळेत कुणाचं आडनाव किंवा घरचं नाव तेच निघालं तर नाटक त्या मुलाचं होऊन बसतं. गोट्या, बंड्या, पिंट्या म्हणूनच नकोत, ते प्रत्येक शाळेत एक तरी असतात. जात, धर्म किंवा प्रांत सांगणारे प्रत्यय तर नकोतच. दुसरी तपासणी आठवीतल्या दोन मुलांकडे. नावाचा काही वंगाळ अर्थ निघत असेल, उलटं म्हटल्यावर किंवा एक अक्षर बदलल्यावर, तर तो मोठ्यांना सुचणार नाही, त्यांना सुचतो आणि चेहऱ्यावर लगेच दिसतो. पादण्यावरून नाव ठेवायचा मोह याच टप्प्यावर आवरावा. हशा प्रचंड येतो, अडचण अशी की तो थांबत नाही आणि पुढची चार वाक्यं वाहून जातात. तिसरी तपासणी बालवाडीत. पाच-सहा मुलांना नाव एकदा सांगायचं, दुसरं काहीतरी खेळायला द्यायचं आणि दहा मिनिटांनी विचारायचं: हौदातलं पाणी कोण पितो? नाव आठवलं, म्हणता आलं आणि म्हणताना हसू आलं, तर काम झालं. त्याच मुलांनी ते नाव एखाद्या सोबत्याला चिकटवलं तर निमूटपणे दुसरं शोधावं.

आणखी एक कसोटी निवेदकाच्या कागदावर आहे. ध्वनिक्षेपकावरून 'गटगटासुराच्या भूमिकेत' म्हणून एका खऱ्या मुलाचं नाव घेतलं जाणार आहे. ते ऐकताना त्याच्या आईला टाळ्या वाजवाव्याशा वाटतील की मान खाली घालावीशी वाटेल, एवढं मनाशी विचारलं तरी पुष्कळ नावं आपोआप गळतात.

खलनायक बाई असेल तेव्हा जास्त जपावं. हडळ आणि डाकीण ही नावं काही भागांत नुसत्या गोष्टीतली नाहीत. नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांचा छळ झालेला आहे आणि महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो असल्या प्रकारांसाठीही. तिथल्या शाळेत 'डाकीण' हे विनोदी पात्र होऊ शकत नाही, आधी कितीही गमतीदार शब्द जोडा. अशा वेळी बाईची खोड धरून नाव द्यावं. पसारा घालणारी पसारीणबाई, सतत कुरकुरणारी कुरकुरीण. म्हातारपण, सुरकुत्या, एकटी राहणं यांना नावात जागा नसावी.

इथे एक मर्यादा मान्य करायला हवी. नाव एकटं पुरत नाही. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिंथिया हॉफनर आणि जोॲन कँटर या संशोधकांनी मुलांना एका म्हाताऱ्या बाईची चित्रफीत दाखवली. काहींना ती दिसायला छान, काहींना कुरूप, आणि दोन्हीत काहींना प्रेमळ तर काहींना दुष्ट. तीन ते पाच वर्षांची मुलं तिच्याबद्दलचं मत दिसण्यावरून जास्त बनवत होती, नऊ-दहा वर्षांची वागण्यावरून. म्हणजे पुढच्या रांगेतलं मूल कानापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवतं. नाव गटगटासुर, पण प्रवेश मिट्ट काळोखात, लाल दिव्यात, ढोलाच्या दणक्यावर आणि तोंडावर पूर्ण मुखवटा, असं असेल तर नावाचा काही उपयोग नाही. शाळांत नेमकं हेच होतं. संहिता लिहिणारे बाई-सर हसरं नाव देतात आणि भाड्याने आणलेला पोशाखवाला शिंगं आणि सुळे घेऊन येतो.

म्हणून नाव शरीराच्या आधी यायला हवं. आधी गावातली आजी किंवा पाणी भरणारी बाई, म्हणजे मुलांना विश्वास वाटेल असं पात्र, ते नाव सहज घेते: 'अगं, तो मेला गटगटासुर! एका दमात हौद संपवतो आणि मग उचक्या देत बसतो.' मग विंगेतून नुसता आवाज: गट, गट, गट, हिक्! मुलं हसतात. मग तो येतो, पूर्ण उजेडात, बाजूच्या विंगेतून, प्रेक्षकांतून नाही. प्रेक्षकांतून राक्षस आणायची कल्पना दर दोन वर्षांनी कुणाला तरी सुचते, ती बालवाडीसमोर करू नये. चेहरा उघडा, फार तर मिशा आणि रंग. आणि आल्या आल्या त्याची पहिली कृती फसते. लोटा तोंडाला लावतो, तो रिकामा, उलटा करतो तर एक थेंब नाकावर. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो एकदा तरी फजीत झाला पाहिजे. नावाने जे वचन दिलं ते डोळ्यांना तेवढ्या वेळात दिसायला हवं.

मग आक्षेप घेणाऱ्यांच्या 'राक्षसपणा'चं काय? तो कृतीत ठेवायचा. हौद खरोखर रिकामा होतो. वासरू हंबरतं, कुंभाराचा चिखल वाळतो, आजीच्या घशाला कोरड पडते. इथे विनोद करू नये. भीती माणसाची वाटू नये, पाणी न मिळण्याची वाटावी, एवढाच हा बदल आहे, आणि मुलं ती चिंता अगदी मनापासून करतात. हसऱ्या नावाचा खलनायक निरुपद्रवी केला की नाटक मात्र मरतं. त्याला काहीतरी हवं असलं पाहिजे आणि ते मिळेपर्यंत तो हटता कामा नये.

पराभवही नावातूनच निघू शकतो. उचकी लागली की आपल्याकडे म्हणतात, कुणीतरी आठवण काढतंय. मुलीला हेच सुचतं. सगळ्यांनी एकदम गटगटासुराची आठवण काढली, नाव घेतलं, तर त्याला एवढ्या उचक्या लागतील की घोट गिळताच येणार नाही. ती प्रेक्षकांकडे वळते. आता ते नाव मुलांच्या हातातलं हत्यार होतं, आणि ज्या मुलाच्या पोटात अजून गोळा असेल त्यालाही राक्षसाचं काय करायचं ते कळतं. तीन वेळा हाक घालावी. पहिल्याने त्याला एकच उचकी लागते आणि तो हसतो. दुसऱ्याने लोटा डचमळतो. तिसऱ्याने तो खाली बसतो, पाणी हौदात परत. चौथ्यांदा नको, तोवर मुलं दमलेली किंवा बेफाम झालेली असतात.

बेफाम होण्याची सोय आधीच करावी लागते, कारण या रचनेत बिघडतं ते इथेच. मुलांना नाव आवडलं की ती नाटकभर ओरडत राहतात. म्हणून सुरुवातीलाच मुलगी खूण शिकवते: माझा हात वर, तेव्हाच हाक, हात खाली, तोंडावर बोट. दोनदा सराव करून घ्यायचा. गटगटासुर झालेल्या मुलाला सांगून ठेवायचं की खुणेशिवाय कुणी ओरडलं तर उचकी द्यायची नाही. एकदा दिली की सूत्रं प्रेक्षकांच्या हातात गेली.

दुसरं बिघडतं ते त्या मुलाच्या डोक्यात. हशा मिळायला लागला की तो वाढवत जातो, रंगीत तालमीत नसलेल्या उचक्या प्रयोगात येतात, आणि नायिका बाजूला उभी राहते. उचक्यांच्या जागा संहितेत लिहून द्याव्यात, एकूण आठ-दहा, त्याबाहेर एकही नाही. आणि नायिकेलाही म्हणता येईल असं छोटं नाव आणि स्वतःची युक्ती द्यावी. नाहीतर मुलं घरी जाऊन फक्त राक्षसाचीच नक्कल करतात. तशी ती थोडी करणारच.

हे सगळं साधारण दुसरीपर्यंतच्या प्रेक्षकांना लागू आहे. पाचवी-सहावीसमोर गटगटासुर आणला तर मागून 'ए बाळ, दुदू पी' अशी हाक येते आणि ती हाक रास्त असते. त्या वयाला साधं, रोजचं, थंड नाव जास्त बोचतं: अण्णासाहेब, मोठे काका, नुसतं 'ते'. प्रेक्षक मिश्र असतील तर नाव पुढच्या रांगेसाठी ठेवावं आणि मागच्यांसाठी राक्षसाच्या तोंडी दोन वाक्यं टाकावीत. 'टँकर कुणी मागवला ते मला माहीत आहे,' असं तो लोट्याआडून म्हणाला तर पुढच्या रांगेला काही कळणार नाही, आणि मागच्या खुर्च्यांवर हशा पिकेल.